ते तिकीट मीच बंद केलं होतं

गेल्या आठवड्यात सपोर्टच्या पोराचा मेसेज आला. "ताई, एका कस्टमरला एकाच खरेदीच्या दोन ऑर्डर गेल्यात. पण हे तिकीट तर क्लोज्ड दिसतंय?" सोबत लिंक. उघडली, तर आठ महिन्यांपूर्वीचं तिकीट, म्हणजे आमच्या अ‍ॅपमधल्या एका बगची नोंद. शीर्षक: 'बटणावर दोनदा क्लिक केल्यावर दोन ऑर्डर तयार होतात'. खाली डेव्हलपरची कॉमेंट, बटण डिसेबल केलंय. त्याखाली शेवटची कॉमेंट: 'दोन ब्राउझरवर तपासलं, ठीक आहे, बंद करते.' माझीच.

फिक्स म्हणजे एवढंच होतं:

```
button.disabled = true;
```

पहिल्या क्लिकनंतर बटण करडं होतं, दुसरा क्लिक लागतच नाही. मी परत दहा वेळा धडाधड क्लिक करून पाहिलं, एकच ऑर्डर. आमची ऑटोमेशनची टेस्टही हेच बटण तपासते आणि आठ महिने रोज रात्री हिरवी होते. (हिरव्या रंगावर माझा जरा जास्तच विश्वास बसला होता, हे कबूल करते.)

मग डेटाबेसमध्ये त्या दोन ऑर्डरींचं `created_at`, म्हणजे ऑर्डर तयार झाल्याची वेळ, बघितलं. जुन्या तिकिटाला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दोन ऑर्डरींत जेमतेम पाव सेकंदाचं अंतर होतं, म्हणजे माणसाचं बोट. इथे अंतर होतं ३० सेकंद. मागच्या महिन्याभरातल्या अशा जोड्या काढल्या, बहुतेक सगळ्या ३० ते ३१ सेकंदांच्या. माणूस इतका नेमका नसतो. ३० सेकंद म्हटल्यावर पहिला संशय टाइमआउटवर.

आणि तसंच निघालं. आमचं अ‍ॅप सर्व्हरच्या उत्तराची ३० सेकंद वाट बघतं, नाही आलं की तीच रिक्वेस्ट आपणहून पुन्हा पाठवतं. सर्व्हर ऑर्डर आधी सेव्ह करतो, मग कन्फर्मेशनचा एसएमएस पाठवतो आणि तो गेल्यावरच उत्तर देतो. एसएमएसवाली सेवा रेंगाळली की ऑर्डर झालेली असते, पण अ‍ॅपला ते कळत नाही. ते पुन्हा पाठवतं. सर्व्हरच्या लेखी ही दुसरी, वेगळी ऑर्डर. बटण बिचारं या सगळ्यात कुठेच नाही.

हे टेस्टिंगच्या सर्व्हरवर कधीच का दिसलं नाही? तिथे एसएमएसची सेवा खोटी आहे, क्षणात 'गेला' म्हणून मोकळी होते. त्या खोट्या सेवेत मी ३५ सेकंदांचा विलंब टाकून घेतला. एकदाच क्लिक केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. अर्ध्या मिनिटाने टेबलमध्ये दुसरी ओळ आली.

आता या मॉड्यूलवर जो डेव्हलपर आहे तो आधी म्हणाला, "अगं, ते फिक्स झालंय, बटण बघ ना." त्याला ती दुसरी ओळ दाखवली, मग गप्प झाला. मॅनेजरचं म्हणणं, नवं तिकीट काढ, रीओपनचा आकडा रिपोर्टमध्ये वाईट दिसतो. मी जुनंच उघडलं. नवं काढलं असतं तर जुनं आयुष्यभर 'फिक्स्ड' म्हणून मिरवलं असतं, आणि पुढचा टेस्टर त्यावर विसंबला असता.

पण मला खरा राग आला तो त्या शीर्षकाचा. तेही मीच लिहिलेलं. मी दोन ऑर्डरी पाहिल्या होत्या, लिहिताना मात्र 'दोनदा क्लिक' हे कारण त्यातच कोंबलं. डेव्हलपरने कारण वाचलं, कारण बंद केलं. मीही तेच कारण तपासलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि सर्व्हरला कुणी हातही लावला नाही. आता शीर्षक बदललंय: 'एकाच खरेदीच्या दोन ऑर्डर तयार होतात'. क्लिकचा उल्लेख खाली, 'असं केल्यावर दिसलं' एवढ्यापुरता.

यावेळी बदल सर्व्हरवर झाला. चेकआउटची स्क्रीन उघडली की अ‍ॅप एक क्रमांक तयार करतं आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवतं. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स आहे, त्यामुळे तोच क्रमांक पुन्हा आला की नवी ओळ बनत नाही, सर्व्हर आधीच्याच ऑर्डरचा नंबर परत देतो. ३५ सेकंदांचा विलंब तसाच ठेवून तपासलं: लॉगमध्ये रिक्वेस्ट दोन, टेबलमध्ये ओळ एक. मग मुद्दाम तीच वस्तू दोन वेगवेगळ्या वेळी मागवली. दोन ओळी आल्या, यायलाच हव्या होत्या.

काल डेव्हलपरने विचारलं, "करायचं ना बंद?" मी कॉमेंटमध्ये काय काय तपासलं ते लिहिलं आणि खाली काय राहिलंय तेही. उत्तराची वाट बघताना कुणी वैतागून अ‍ॅपच बंद केलं, पुन्हा उघडून ऑर्डर दिली, तर क्रमांक नवा तयार होतो. तिथे काय होतं ते आज बघणार आहे. तोवर तिकीट उघडंच आहे.