दहापैकी दहा जुळलं, तरी?

“सख्ख्या बहिणीचा बोन मॅरो दहापैकी दहा जुळला, म्हणजे भावाचं शरीर तो नाकारणार नाही. धोका टळला.”

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा निरोप फिरतोय. इथे दिशाच उलटी आहे. रक्ताच्या कॅन्सरसाठी दुसऱ्याचा मॅरो दिल्यावर जो ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजार होऊ शकतो, त्यात रुग्ण मॅरोला नाकारत नाही, तर मॅरोबरोबर आलेल्या दात्याच्या टी पेशी, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, रुग्णावर हल्ला करतात.

दहा गुण म्हणजे एचएलए जुळलं, एवढंच. एचएलए हे पेशीवरचं तबक समजा. तबक सारखं असलं, तरी त्यात मांडलेले प्रथिनांचे काही तुकडे भावाबहिणीत वेगळे असतात. भावाच्या पेशींवर वाय गुणसूत्रातून आलेले तुकडे असतात, बहिणीच्या टी पेशींना ते परके. तिला मुलं झाली असतील, विशेषतः मुलगा, तर गरोदरपणातच तिच्या काही टी पेशी ते ओळखायला शिकलेल्या असू शकतात. म्हणून अशा जोडीत धोका वाढतो. त्यात आधीच्या केमोने आतडं सोललेलं असतं आणि त्या दाहामुळे टी पेशी आणखी चेवतात.

मग टी पेशी आधीच काढून का टाकत नाहीत? कारण उरलेल्या कॅन्सरपेशी त्याच मारतात. म्हणून बहुधा सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाने त्यांना आवरतात. ती गोळी मनाने बंद करू नका, हे कळकळीचं सांगणं.

तळहात, तळपाय, कानामागे लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, पिवळे डोळे: यांतलं एकही दिसलं, तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा.