लग्न ठरलं वाटतं?

मंगळवारी डोंबिवलीहून सव्वाआठची फास्ट कशीबशी मिळाली. वरच्या कडीला हात अडकवला, तोच खिडकीशी बसलेल्या काकांनी मान वर करून थेट माझ्या काखेकडे पाहत विचारलं, "लग्न ठरलं वाटतं?"

"नाही. का?"

"नाही म्हणजे, हळद लागलीये."

तीन जण हसले. हात खाली घ्यावा तर गर्दीत तो खाली येईना, म्हणजे प्रदर्शन ठाण्यापर्यंत चालूच. काकांना आता विषय मिळाला होता.

"ब्लीच घालायचं. बादलीत दोन झाकणं, रात्रभर भिजवायचं, सकाळी बगळा!"

"घातलं होतं. डाग जास्तच पिवळा झाला."

"मग तीन झाकणं. आणि वरून नीळ."

"पिवळ्यावर निळं घातलं की हिरवं होतं ना?"

"मग नीळ जरा जास्त," काका शांतपणे म्हणाले आणि स्वतःची कॉलर पुढे केली. "हा माझा बघा."

बघितला. पांढरा होता, नाही म्हणत नाही. पण आतल्या बनियनची भोकं मोजता येत होती आणि कॉलरच्या घडीला दाढीच्या खुंटांसारखे धागे सुटले होते.

"किती वर्षांचा?" मी आदराने विचारलं.

"दिवाळीचा."

मार्च चालू होता.

मला राग आला तो टिंगलीचा नव्हे, सल्ल्याचा, कारण त्याच सल्ल्याने मी आधीच एक शर्ट घालवला होता. काखेतला पिवळा डाग नुसत्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घाम आणि अंगाच्या तेलाशी मिळून कापडात रुतून बसतात. म्हणजे डाग पडतो तो घाम दिसू नये म्हणून लावलेल्या औषधाचा, आणि पैसेही आपणच मोजलेले! त्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं की पिवळेपणा बऱ्याचदा वाढतो आणि सुती धागा कुजतो. माझा शर्ट काखेत फाटला तो ऑफिसात, वरच्या कपाटातली फाइल काढताना. फाटल्याचा आवाज फाइल पडल्यापेक्षा मोठा होता.

दुसऱ्या शर्टाला रविवारी हातात घेतलं. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. बाटलीवर सहा टक्के लिहिलेलं होतं, म्हणून तेवढंच पाणी घालून ते निम्मं केलं. त्या पातळ केलेल्यातले दोन चमचे, भांडी घासायचं लिक्विड एक चमचा आणि चिमूटभर खायचा सोडा एका वाटीत कालवला. आधी शर्टाच्या आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहिला, मग डाग ओला करून दोन्ही बाजूंनी लावलं. तासभर सावलीत ठेवलं आणि मधूनमधून पाणी शिंपडलं, वाळू दिलं नाही. हे फक्त पांढऱ्या सुती किंवा मिश्र कापडाला; रंगीत, रेशमी, लोकरी कपड्याच्या वाटेला जायचं नाही. उरलेलं मिश्रण फेकून दिलं, कारण बंद बाटलीत त्याचा वायू साठतो. ब्लीचमध्ये तर ते चुकूनही मिसळायचं नाही.

कॉलरचं दुखणं वेगळं. तिथे मानेचं तेल आणि रस्त्यावरची धूळ, म्हणजे खरकट्या कढईचाच प्रकार. लिक्विड कोरड्या कॉलरवर लावायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि कापडावर कापड हलकं चोळायचं. मी आधी ब्रश घासायचो. त्याने मळ जातो, पण घडीवरचे धागेही जातात. आमचे वडील कॉलर विरली की शिंप्याकडून ती उलटी करून घ्यायचे, शर्टाला आणखी दोन वर्षं मिळायची. परवा एका टेलरला विचारलं तर तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत राहिला.

पहिल्या धुण्यात डाग निम्मा गेला. इस्त्रीचा मोह आवरला, कारण उरलेला डाग उष्णतेने आणखी पक्का बसतो. उजेडात धरून बघितलं, पुन्हा तेच केलं. तिसऱ्या रविवारी अगदी शिवणीत एक फिकट सावली तेवढी उरली. ती जाणार नाही, मीही तिच्या मागे लागणार नाही.

सोमवारी तोच शर्ट, तीच गाडी. काका होतेच. या वेळी मी मुद्दाम हात जरा जास्तच वर केला.

काकांनी निरखून पाहिलं आणि शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "बघा! सांगितलं होतं ना यांना? ब्लीच!"

"अहो काका, ब्लीच नाही..."

शेजारी मोबाइल काढून लिहूनच घेत होता. "दोन झाकणं ना?"

"तीन," काका म्हणाले. ठाणं आलं, दारातून पन्नास माणसं आत घुसली आणि माझं पुढचं वाक्य कुणाच्या तरी बॅगेत गेलं.