कौतुकाचा मेसेज म्हणजे परवानगी नव्हे

"ग्राहकाने व्हॉट्सॲपवर 'छान काम' लिहिलं की स्क्रीनशॉट काढा आणि सरळ वेबसाइटवर लावा. त्याने स्वतःहून पाठवलंय, परवानगी कसली मागता? भाषा जरा फुलवून घ्या, कुरकुरीची वाक्यं काढून टाका. साइट नवीन असेल तर पहिले पाच-सहा अभिप्राय स्वतःच लिहा, सगळे तेच करतात. लोक वाचत नाहीत, पाच तारे बघतात."

मी छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करते. हा मेसेज मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी पाठवतं, आणि पाठवणारे लबाड नसतात. त्यांना खरंच वाटतं की अभिप्राय असेच जमवायचे असतात. म्हणून एका कामाच्या आधारानेच उत्तर देते. काम होतं गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या साइटचं.

पहिला मुद्दा परवानगीचा. कंत्राटदारांनी मला जो स्क्रीनशॉट दिला, त्यात ग्राहकाचं पूर्ण नाव होतं, प्रोफाइलचा फोटो होता आणि "खूप छान काम, धन्यवाद" एवढं एकच वाक्य होतं. वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण ते गळती थांबवणाऱ्याच्या साइटवर लागलं की त्याचा अर्थ बदलतो: या नावाच्या माणसाचं घर गळत होतं. कंत्राटदाराचं कौतुक ही त्याच वेळी ग्राहकाच्या अडचणीची जाहीर नोंद असते. दुरुस्ती, वैद्यकीय उपचार, कर्जाचा सल्ला, मुलांची शिकवणी, सगळीकडे हेच. ग्राहकाने तो मेसेज एका माणसाला पाठवलेला असतो. त्याच्या नावाने शोधणाऱ्या प्रत्येकाला तो दिसावा, असं तो कधी म्हणालेला नसतो.

परवानगी मागायला फॉर्म किंवा सहीशिक्क्याचा कागद लागत नाही. आम्ही पाठवलेला मेसेज असा होता: "तुमचा खालचा मजकूर आमच्या वेबसाइटवर 'केलेली कामं' या पानावर लावायचा आहे. पूर्ण नाव, फक्त आडनाव की नाव नको, काय चालेल? फोटो लावणार नाही. दुसरीकडे कुठे वापरायचा झाला तर पुन्हा विचारू. पुढे कधीही काढायला सांगितलंत तर दोन दिवसांत काढू." खाली जसा लागणार तसाच संपूर्ण मजकूर. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. "तुमचा अभिप्राय वापरू का?" एवढंच विचारलं तर ग्राहक "हो, वापरा ना" म्हणतो, पण नेमकं काय लागणार आहे हे त्याला माहीतच नसतं. होकार मजकुराला घ्यायचा असतो.

पण त्याआधी एक अडचण होती. ग्राहकाचा तो "खूप छान काम" मेसेज काम संपलं त्याच संध्याकाळी आलेला होता. गच्चीवर एक थेंबही पडला नव्हता. त्या दिवशी ग्राहकाला फार तर एवढंच माहीत होतं की माणसं वेळेवर आली आणि जाताना कचरा उचलून गेली. गळती थांबली की नाही, हे पावसाळा संपल्याशिवाय त्याला सांगताच येणार नव्हतं. ही चूक अगदी प्रामाणिक माणसंही करतात: ग्राहक खूश असतो तेव्हा विचारतात, त्याला अनुभव आलेला असतो तेव्हा विचारत नाहीत. शिकवणीचा अभिप्राय पहिल्या आठवड्यात घेऊ नये, चपलेचा पहिल्या दिवशी घेऊ नये. आम्ही चार महिने थांबलो आणि पावसाळ्यानंतर चार प्रश्न पाठवले. आधी काय त्रास होता? काम द्यायला कशामुळे कचरत होतात? कामात काय काय घडलं, वाईटसुद्धा? आता काय बदललंय आणि काय राहिलंय?

उत्तर आलं ते असं: "तीन पावसाळे वरच्या खोलीत कोपऱ्यात बादली ठेवत होतो. आधी दोघांकडून काम करून घेतलं, दोघांनी वरून लेप दिला, एक पाऊस टिकला. यांनी आधी तडे उकरले, पाइपाभोवतीचं सिमेंट काढलं, मग लेप दिला आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. आठ दिवस सांगितले होते, अकरा लागले, त्या तीन दिवसांत माझी चिडचिड झाली. पण या पावसाळ्यात बादली काढली. पश्चिमेच्या भिंतीला ओल अजून आहे, ते काम वेगळं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं."

आता भाषा फुलवण्याबद्दल. कंत्राटदारांनी या उत्तराचं जे केलं ते मी अजून जपून ठेवलंय: "आधी दोघांकडून काम करून घेतलं पण उपयोग झाला नाही. यांनी काम केल्यापासून घरात ओल राहिली नाही. दर्जेदार सेवा, वेळेत पूर्तता." त्यांना यात काही गैर वाटलं नाही, "सारांश केलाय" म्हणाले. पण ग्राहक म्हणाला होता ओल आहे, आणि मजकूर म्हणत होता ओल नाही. ग्राहक म्हणाला होता तीन दिवस उशीर, आणि मजकूर म्हणत होता वेळेत. शिवाय "दर्जेदार सेवा, वेळेत पूर्तता" असं घर गळणारा माणूस कधी बोलत नाही, असं पत्रक छापणारा बोलतो. बादली मात्र गेली, आणि सगळ्या उत्तरात कोणीही बनवू शकला नसता असा शब्द तोच होता.

संपादन करायला हरकत नाही. शुद्धलेखन सुधारावं, तेच वाक्य दोनदा आलं असेल तर एक काढावं, मधला भाग गाळला तर तिथे टिंबं द्यावीत. ग्राहकाने न वापरलेला शब्द मात्र घालू नये, आणि अर्थाला मर्यादा घालणारं वाक्य काढू नये. "पण", "अजून", "फक्त", "असं सांगितलं होतं" अशा शब्दांपाशी कात्री थांबवायची. शंका आली तर मी एकच करते. संपादित मजकूर ग्राहकाला फोनवर वाचून दाखवते. तो मध्येच "असं म्हणालो होतो का मी?" म्हणाला, तर संपादन फसलेलं असतं.

कुरकुरीच्या दोन्ही वाक्यांवरून आमचा बराच वाद झाला. शेवटी दोन्ही ठेवली आणि खाली कंत्राटदारांचं उत्तर जोडलं: "पाइपाभोवतीचं सिमेंट काढल्यावर खाली आणखी तडे निघाले, म्हणून तीन दिवस वाढले. तेव्हापासून आम्ही आधी उकरून बघतो आणि मगच दिवस सांगतो." त्या पानावरची सर्वांत कामाची ओळ हीच ठरली असं माझं मत आहे. भिंतीच्या ओलीचं वाक्यही कंत्राटदारांच्याच बाजूचं आहे. ते काढलं असतं, तर भिंत ओली असलेली माणसं गच्चीचं काम मागायला आली असती आणि पावसाळ्यात भांडायला.

सगळे अभिप्राय लावायलाच हवेत असं मी म्हणत नाही. निवड करावी, पण मग वर "निवडक अभिप्राय" असं लिहावं. वाईट तेवढे दडवायचे आणि वर "आमचे सर्व ग्राहक काय म्हणतात" असं शीर्षक द्यायचं, हे खोटं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम नेमकं अशा दडपण्यालाही मनाई करतो. बनावट अभिप्राय तर त्यात आहेतच, आणि चांगलंच लिहायच्या अटीवर दिलेली सवलत किंवा भेटही. सवलत दिली असेल तर ती "काहीही लिहा" म्हणून द्यावी आणि अभिप्रायाखाली तसं नमूद करावं.

स्वतः लिहिलेल्या अभिप्रायांवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. ते ओळखू येतात. सहाही सारख्याच लांबीचे असतात, कोणातच तारीख नसते, कोणीच आधी कचरलेलं नसतं, आणि सगळे शेवटी तेच सुचवतात. सोबतचा हसरा चेहरा विकत मिळणाऱ्या फोटोंतला असतो, आणि तोच चेहरा फोटोवरून शोध घेतला की आणखी दहा साइटवर सापडतो. एक जरी पकडला गेला, तरी शेजारचे खरे अभिप्रायही वाचणारा सोडून देतो. नव्या साइटवर अभिप्राय नसले तर नसू द्यावेत. त्या जागी स्वतःच्या नावाने केलेलं काम दाखवता येतं: उकरलेला तडा, लेप, तुंबवलेलं पाणी, तिन्हींचे फोटो आणि तारखा. "हे मी केलं" असं स्वतः म्हणण्यात काहीच खोटं नाही. "हे दुसरा म्हणाला" असं स्वतःच लिहिणं खोटं आहे.

ताऱ्यांचं म्हणाल तर स्वतःच्या साइटवर स्वतःबद्दलचे तारे कोडमध्ये घालून ते गुगलच्या निकालात दिसतील, या आशेवर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. `LocalBusiness` आणि `Organization`, म्हणजे कोडमध्ये स्थानिक व्यवसाय आणि संस्था अशी नोंद असलेल्या प्रकारांसाठी, गुगलने सप्टेंबर २०१९ मध्येच ते दाखवणं बंद केलं. आणि लोक वाचत नाहीत हेही मला पटत नाही. ते पान लागल्यावर कंत्राटदारांना आलेल्या फोनपैकी एकाची सुरुवात अशी होती: "ते बादलीवालं वाचलं, आमच्याकडे दोन आहेत."

प्रत्येक अभिप्रायासाठी मी एका वहीवजा फाइलमध्ये पाच गोष्टी ठेवते: मूळ मजकूर, लावलेला मजकूर, होकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट, नाव कसं लावायचं ठरलं ते, आणि अभिप्राय कुठे कुठे लावलाय त्याची यादी. ही यादी कशाला, असं कंत्राटदारांनी विचारलं होतं. दीड वर्षाने त्याच ग्राहकाचा मेसेज आला: घर विकायचं आहे, बघायला येणारे नाव शोधतात, तेवढा अभिप्राय काढाल का? त्यांनी होकार देताना पूर्ण नाव चालेल असं सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. यादीत दोन जागा होत्या: साइटवरचं पान, आणि पुन्हा विचारून समाजमाध्यमावर टाकलेलं एक चित्र. दोन्ही त्याच दिवशी काढली, आणि जुनी प्रत शोधात दिसू नये म्हणून गुगलकडेही ती हटवण्याची विनंती टाकली. घर विकलं गेल्यावर त्यांचा पुन्हा मेसेज आला: आता लावा, पण नाव नको.