कार्टन ५०, पीस १२००… मोजले कुणी?

पॅकिंग लिस्ट पॅकिंग संपायच्या आधीच का टाइप करता? ऑर्डर १२०० पीसची. रेशो एस १, एम २, एल २, एक्सएल १. कार्टनमध्ये चार सेट, म्हणजे २४ पीस. म्हणून ५० कार्टन. हा झाला ऑर्डरचा हिशोब. पॅक झालेला माल असाच असतो का?

कटिंग-शिलाईत एल साइज कमी पडली, ४०० ऐवजी ३८५ आले. एका कार्टनला एल ८ लागतात, म्हणजे पूर्ण रेशोचे कार्टन भरले फक्त ४८. उरले एस ८, एम १६, एल १ आणि एक्सएल ८. हे ३३ पीस ४९ आणि ५० नंबरच्या कार्टनमध्ये कोंबले. लिस्टवर मात्र ‘१ ते ५०, प्रत्येकी २४’ ही एकच ओळ! एकूण १२००!

आहेत ११८५. इनव्हॉइस १२०० चा, शिपिंग बिल १२०० चं. तिकडे गोदामात पन्नासावं कार्टन उघडलं की ९ पीस. मग शॉर्टेजचा क्लेम आला की धावाधाव कुणाची?

अरे, १ ते ४८ एका ओळीत लिहा, ४९ आणि ५० साइजवार वेगळे लिहा. मग साइजच्या चार रकान्यांची बेरीज करा: १९२ अधिक ८, ३८४ अधिक १६, ३८४ अधिक १, १९२ अधिक ८. कार्टनवार बेरीजही तेवढीच, ११८५, यायला हवी. दोन मिनिटांचं काम! आणि ते इनव्हॉइस बनण्याआधी करायचं, कंटेनर सुटल्यावर नाही!