पोर्टेबल एसीचा पाईप, खिडकी आणि तो फॉरवर्ड

"एक टनाचा पोर्टेबल घ्या, एक टनाच्या स्प्लिटएवढंच गार करतो. भिंत फोडायला नको, मेकॅनिकला पैसे नकोत, पाईप खिडकीतून बाहेर सोडला की झालं. थोडी फट राहिली तर उलट हवा खेळती राहते. पाईपमधून गरम झोत जोरात येतोय म्हणजे एसी एकदम फिट."

आमच्या सांगलीतल्या तीन ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि एसीचं काम मीच करतो म्हणून प्रत्येकजण मलाच टॅग करतोय, म्हणून एकदाच लिहितो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळी गोम तिथंच आहे. तो गरम झोत आहे कुणाचा? तुमच्या खोलीतल्याच हवेचा. एका पाईपवाल्या पोर्टेबलमध्ये दोन पंखे असतात, एक खोलीतली हवा ओढून गार करून परत खोलीत सोडतो आणि दुसरा पण खोलीतलीच हवा ओढतो, ती मागच्या तापलेल्या जाळीवरनं फिरवतो आणि पाईपनं बाहेर फेकतो. म्हणजे अर्धा तास बिल भरून गार केलेली हवाच जाळी थंड करायला वापरायची आणि रस्त्यावर सोडायची. आता खोलीतनं हवा गेली की तेवढीच कुठनं तरी आत येणारच, खोली काय फुग्यासारखी आक्रसत नाही. ती येते दाराखालनं, खिडकीच्या फटीतनं, बाथरूमच्या झरोक्यातनं.

स्प्लिटमध्ये ही भानगडच नाही. तापलेली जाळी, कॉम्प्रेसर, मोठा पंखा सगळं बाहेर, भिंतीत साधारण अडीच इंचाचं भोक, त्यातनं दोन तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाण्याचा पाईप. बाहेरची जाळी बाहेरच्याच हवेनं थंड होते आणि आतली हवा आतच फिरते. जुना विंडो एसी पण खिडकीत बसत असला तरी जाळीसाठी हवा बाहेरूनच घेतो, त्यामुळं ज्यांच्या खिडकीत तो बसतो त्यांनी पोर्टेबलच्या नादाला लागूच नये असं माझं मत.

आता टनाचं. माझ्या एका गिऱ्हाईक काकू विश्रामबागेत भाड्यानं राहतात, दुसरा मजला, वर थेट स्लॅब. मालक भिंतीला भोक पाडू देईना म्हणून मुलानं एक टनाचा पोर्टेबल आणून दिला. एप्रिलमध्ये फोन आला, "अरे गॅस संपलाय बघ, गारच होत नाही. आणि शेजारी फोडणी दिली की वास थेट आमच्या बेडरूममध्ये येतोय, हे आधी नव्हतं."

फोडणीचं ऐकल्यावरच मला कळलं की गॅस ठीक आहे.

खोली १० बाय १२, उंची १०, म्हणजे १२०० घनफूट हवा. असल्या मशीनचा बाहेर फेकणारा पंखा मिनिटाला २०० घनफुटाच्या आसपास हवा काढतो असं धरा, म्हणजे ६ मिनिटात अख्ख्या खोलीएवढी हवा बाहेर. बाहेर ३९ डिग्री होतं आणि काकूंना खोली हवी होती २७. तेवढी ३९ची हवा सतत आत येत असेल तर ती २७ वर आणायलाच साधारण १३०० वॅटचं गारपण जातं. एक टन म्हणजे ३५०० वॅट. त्यात पाईप स्वतः ५० डिग्रीला तापून खोलीतच पसरलेला, पाच फुटाचा असेल तर सव्वाशे-दीडशे वॅटचा हीटरच समजा. हाती उरलं अर्ध्या टनापेक्षा थोडं जास्त, आणि कॉम्प्रेसर खोलीतच गरम होतोय ते अजून धरलेलं नाही. अमेरिकेत यासाठी आता वेगळा आकडा छापतात, तिकडं जुन्या मोजणीनं १४००० बीटीयूचं मशीन नव्या मोजणीत बऱ्याचदा १०००० च्या आसपास किंवा त्याच्या खाली येतं, कारण जुन्या पद्धतीत ही बाहेरून घुसणारी गरम हवा धरतच नव्हते.

आणि "पाईप खिडकीतून सोडला की झालं" म्हणणाऱ्यानं आपल्याकडची खिडकी बघितलेलीच नाही. बॉक्समध्ये जी प्लास्टिकची पट्टी येते ती सरकत्या खिडकीसाठी असते. काकूंची खिडकी जुनी लाकडी, बाहेर उघडणारी दोन दारं आणि मध्ये चार चार इंचावर गज. पाचसहा इंचाचा पाईप गजातनं जाणार कसा? मुलानं तोंड गजाला टेकवून सुतळीनं बांधलं होतं, दोन्ही दारं सताड उघडी, वर पडदा. झोताचा बराच भाग गजावर आणि उघड्या दारावर आपटून परत आत. शिवाय पाईप पूर्ण ताणून, मध्ये झोळ, एक वळसा आणि वर अजून एक जोडपाईप. लांबी आणि वळणं वाढली की पंख्याला हवा ढकलायला जड जातं, जाळी जास्त तापते, गारपण अजून कमी होतं आणि दुपारी मशीन स्वतःच ट्रिप मारतं. काकूंचं तसंच होत होतं, दोनच्या सुमारास बंद.

मी उदबत्ती लावून दाराखाली धरली, धूर सरळ आत ओढला गेला. बाथरूमचं दार उघडलं तर तिथनं पण तसाच, गटाराच्या वासासकट. काकू म्हणाल्या, "मग सगळ्या फटी बुजवून टाक." नाही, तसं पण करायचं नाही. सगळं हवाबंद केलं तर पंख्याला बाहेर फेकायला हवाच मिळत नाही आणि मशीन परत ट्रिप मारतं. हवा येणारच, ती कुठनं यावी एवढंच आपल्या हातात.

मग खिडकीच्या मापाचा प्लायवूड आतनं गजाला बसवला, पाईपच्या मापाचं गोल भोक, कडेनं फोमची पट्टी. गज कापायला मालकानं परवानगी दिली नाही, म्हणून भोक दोन गजांच्या मधोमध असं काढलं की झोताला कमीत कमी अडथळा येईल, आणि बाहेरची दारं पूर्ण मागं बांधून टाकली. जोडपाईप काढला, मशीन खिडकीजवळ सरकवलं, पाईप साडेतीन फूट आणि सरळ, त्याला वरनं फॉइलवाला फोम गुंडाळला. बाथरूमचं दार बंद. बेडरूमच्या दाराखालची फट मात्र मुद्दाम तशीच ठेवली, कारण पलीकडं हॉल आहे आणि तो सावलीतला, दुपारी ३४ च्या आसपास असतो. ३९ ऐवजी ३४ ची हवा आत आली तर ते १३०० वॅटचं नुकसान ७५० च्या आसपास येतं. हॉलमध्ये पण शेवटी बाहेरचीच हवा येते, त्यामुळं दुपारभर चाललं की तो पण थोडा तापतो, हे पण काकूंना सांगितलं.

आधी दुपारी खोली ३२ च्या खाली येत नव्हती, नंतर २९ ला येऊन थांबली. २७ आली नाही आणि त्या मशीनवर त्या स्लॅबखाली ती येणार पण नव्हती. रात्री बाहेर २६-२७ झालं की मात्र छान गार होतं, कारण तेव्हा आत घुसणारी हवाच गरम नसते. दुकानात संध्याकाळी डेमो बघून घेणारे याच कारणानं फसतात.

दोन पाईपवाला पोर्टेबल पण असतो, एका पाईपनं जाळीसाठी बाहेरची हवा घेतो आणि दुसऱ्यानं सोडतो, तो बराच बरा. पण सांगली-मिरजेच्या दुकानात मी तरी अजून बघितला नाही. कुणाला दिसला तर मागं दोन तोंडं आहेत का ते बघा, आणि मला फोटो टाका.