सेकंदाला एक फ्रेम कुणाला पुरते?

"व्हिडिओ तपासायला सेकंदाला एकच फ्रेम पुरते. रिझोल्यूशन सगळ्यात कमी ठेवा आणि आख्खा व्हिडिओ एकदम द्या. खर्च वाचतो, काहीही निसटत नाही."

हा मेसेज माझ्या बहिणीने खरा धरला. ती दोरीउड्या शिकवते आणि मुलींच्या उड्या व्हिडिओवरून एआयकडून आपोआप मोजून घ्यायच्या विचारात आहे, म्हणून हे लिहायलाच हवं.

"काहीही निसटत नाही" हे धादांत खोटं आहे. मुलगी सेकंदाला २.१ उड्या मारते असं धरा. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत दोन पूर्ण उड्या आणि तिसरीचा दहावा भाग होतो. त्या दोन उड्या चित्रात दिसतच नाहीत; दिसतो फक्त तो दहावा भाग. म्हणजे मिनिटाला १२६ उड्या झाल्या, तरी फ्रेम पाहून सहाच मोजल्या जातील. वाईट म्हणजे, हे उत्तर चुकल्यासारखं वाटणारही नाही, मुलगी संथ आहे असंच वाटेल. गती पकडायची तर फ्रेम उड्यांच्या दुपटीहून जास्त हव्यात, इथे ४.२ च्या वर. वेग कमीजास्त होतो, म्हणून मी १० घेईन.

खात्री करायची असेल तर ffmpeg या प्रोग्रॅमने फ्रेम स्वतः काढून बघा:

```
ffmpeg -i in.mp4 -vf fps=1 f_%03d.png
```

या चित्रांवरून तुम्हाला उड्या मोजता येत नसतील, तर यंत्रालाही येणार नाहीत.

कमी रिझोल्यूशनचा सल्ला मात्र इथे बऱ्यापैकी चालतो, हे मान्य करावं लागतं. पाय जमिनीवरून उचलले की नाही, एवढं छोट्या चित्रातही दिसतं. दोरी बारीक असते, ती पुसट होते. म्हणून मोजणी पायांवरून करायची. बारीक अक्षरं वाचायची असतील तर हा सल्ला विसरा.

आता खर्च. तो टोकनवर, म्हणजे एआय माहिती ज्या छोट्या तुकड्यांत मोजतं त्यांवर, ठरतो. गूगलच्या जेमिनी २.५ या एआयच्या अधिकृत माहितीनुसार साध्या रिझोल्यूशनला एका फ्रेमचे २५८ टोकन लागतात, कमी रिझोल्यूशनला ६६. आवाज वेगळा. दहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला एक फ्रेम, साध्या रिझोल्यूशनने दिला तर १,५४,८०० टोकन, आणि उड्या चुकीच्या. त्याऐवजी आधी तोच व्हिडिओ सेकंदाला एक फ्रेम, कमी रिझोल्यूशनने द्या: ३९,६००. उड्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, एवढंच त्यातून शोधायचं. मग तेवढाच तुकडा, समजा मिनिटभराचा, सेकंदाला १० फ्रेमने, कमी रिझोल्यूशनने द्या: पुन्हा ३९,६००. एकूण ७९,२००, म्हणजे जवळजवळ निम्मे.

"आख्खा व्हिडिओ एकदम द्या" याचं उत्तर यातच आलं. तुकडा कापताना दोन्ही टोकांना एखादा सेकंद जास्त ठेवा. पहिल्या फेरीत सापडलेली वेळ सेकंदभर मागेपुढे असू शकते, आणि पहिली किंवा शेवटची उडी तिथेच कापली जाते.