पाचव्या वर्षानंतरच्या ७३ टक्क्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया

“तुमच्या लेखात फाउंड्रीच्या नव्या मोल्डिंग लाइनवर १० कोटी गुंतवून ७ कोटी ५३ लाखांचे निव्वळ वर्तमान मूल्य निघते. पण आवकीच्या एकूण १७ कोटी ५३ लाख वर्तमान मूल्यापैकी ७३ टक्के रक्कम पाचव्या वर्षानंतरची, म्हणजे कोणीही न पाहिलेली आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्र्या सुरू झालेल्या आणि बंद पडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे ‘कायमची पाच टक्के वाढ’ आली कुठून? निदान दहा वर्षांचा अंदाज तरी करायचा होता. शिवाय सहाव्या वर्षाच्या रकमेवरून काढलेले मूल्य तुम्ही पाचच वर्षांनी वटवले आहे, ही सरळ चूक आहे. वाढीचा दर एक टक्क्याने हलवला की उत्तर दीड-दोन कोटींनी हलते. याला हिशेब म्हणायचे की हवे ते उत्तर काढण्याची युक्ती?”

उत्तर

महोदय, आपण सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार. आपले चार आक्षेप मी सारख्याच गांभीर्याने तपासले. त्यांतले दोन मला मान्य नाहीत, एक अर्धवट मान्य आहे, आणि आपल्या शेवटच्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना माझ्याच लेखातली अशी एक चूक सापडली की जिच्याकडे आपलेही लक्ष गेलेले नाही.

मूळ लेख समोर नसलेल्यांसाठी आकडे पुन्हा देतो. पहिल्या पाच वर्षांत हाती उरणारी मुक्त रोकड अनुक्रमे ८०, १२०, १५०, १७० आणि १८० लाख रुपये, पुढच्या रकमा आजच्या मूल्यात आणण्याचा, म्हणजे वटवण्याचा, डिस्काउंट दर १३ टक्के, आणि पाचव्या वर्षापुढे रोकडीत दरवर्षी ५ टक्के वाढ. या पाच रकमांचे आजचे मूल्य ४७१ लाख होते. पुढच्या सर्व वर्षांच्या रोकडीचे एकत्रित मूल्य, म्हणजे अंतिम मूल्य TV5, काढण्यासाठी वाढत्या शाश्वतीचे, म्हणजे ठरावीक दराने वाढत कायम येणाऱ्या रकमांचे, सूत्र लावले होते; त्यात FCF6 ही सहाव्या वर्षाची मुक्त रोकड, r हा डिस्काउंट दर आणि g हा वाढीचा दर:

```
TV5 = FCF6 / (r - g) = 180 × 1.05 / (0.13 - 0.05) = 2362.5
```

आधी वटवण्याचा मुद्दा, कारण तो थोडक्यात मिटतो. हे सूत्र जे मूल्य देते ते पहिली रक्कम हाती येण्याच्या एक वर्ष आधीचे असते. आज बँकेत ठेव ठेवली तर पहिले व्याज वर्षाने मिळते, तरी ठेवीची रक्कम आजचीच असते, तसेच हे आहे. अंशस्थानी सहाव्या वर्षाची रोकड आहे म्हणून उत्तर पाचव्या वर्षाच्या अखेरीचे, आणि ते पाचच वर्षांनी वटवायचे: २,३६२.५ लाखांचे आज १,२८२ लाख. सहा वर्षांनी वटवले तर १,१३५ लाख येतात आणि जवळजवळ दीड कोटी रुपये विनाकारण गळतात. प्रकल्प अहवाल तपासताना ही चूक मला इतक्यांदा दिसली आहे की आपल्याला ती सूत्रातच असल्यासारखी वाटली याचे नवल वाटत नाही.

आता दहा वर्षांच्या अंदाजाची सूचना. मी ती लगेच करून पाहिली. सहाव्या ते दहाव्या वर्षाची रोकड त्याच ५ टक्क्यांनी वाढवून वेगवेगळ्या ओळींत मांडली आणि अंतिम मूल्य दहाव्या वर्षाच्या अखेरीस नेले. अंतिम मूल्याचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आला, म्हणजे कागद बराच भरवशाचा दिसू लागला; निव्वळ वर्तमान मूल्य मात्र ७५३ लाखच राहिले, एका रुपयाचाही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण मी नवी माहिती काहीच घातली नव्हती, फक्त एका ओळीत असलेले गृहीतक सहा ओळींत पसरवले होते. सहाव्या ते दहाव्या वर्षाबद्दल आपल्याला खरोखर काही ठाऊक असेल, उदाहरणार्थ एखाद्या ट्रॅक्टर कंपनीशी झालेला पुरवठ्याचा करार किंवा आठव्या वर्षी भट्टी बदलण्याचा ठरलेला खर्च, तर अंदाज लांबवण्यात अर्थ आहे. तसे नसेल तर ७३ चे ५१ होणे ही केवळ नजरबंदी. नव्या प्रकल्पात सुरुवातीची वर्षे क्षमता भरण्यात जातात आणि रोकड पुढे सरकते, त्यामुळे अंतिम मूल्याचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे.

‘कायमची’ या शब्दावरचा आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अर्धाच, कारण सूत्रात अनंत काळ असला तरी रकमेत तो नसतो. प्रत्येक वर्षाची रोकड ५ टक्क्यांनी फुगते आणि १३ टक्क्यांनी आक्रसते, म्हणून आजच्या मूल्यात दर पुढचे वर्ष आधीच्या वर्षाहून सुमारे ७ टक्क्यांनी लहान होत जाते. अंतिम मूल्याच्या १,२८२ लाखांपैकी ५२ टक्के रक्कम पाचव्या वर्षानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतच येते आणि वीस वर्षांत ७७ टक्के येते. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. पट्टा संपला त्या दिवशी कारखाना कायमचा बंद झाला असे धरले, तर अनंत काळ आणि ९५ वर्षे यांतला फरक आजच्या मूल्यात पावणेदोन लाख रुपये एवढाच भरतो. शिरोलीतल्या बंद पडलेल्या फाउंड्र्यांचा आपला अनुभव अधिक कठोरपणे लावायचा तर असे धरू की आपल्या उदाहरणातली लाइन पंधराव्या वर्षाच्या शेवटी बंद पडली आणि भंगाराचाही पैसा आला नाही. तरीही निव्वळ वर्तमान मूल्य १३८ लाख उरते. ते ७५३ च्या तुलनेत फार कमी आहे, आणि एवढ्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, पण प्रकल्प त्यामुळे तोट्यात जात नाही.

राहिला वाढीच्या दराचा प्रश्न, आणि इथे मला स्वतःलाच उलटतपासणी द्यावी लागली. आपण म्हणता तसेच होते: वाढ ४ टक्के धरली तर उत्तर ६०० लाख, ५ टक्क्यांना ७५३, ६ टक्क्यांना ९५०, ७ टक्क्यांना १,२१३. कारण उघड आहे. छेदात वाढीचा दर एकटा नसून दोन दरांमधले अंतर आहे. ते ८ वरून ७ वर आले की भागाकार सातव्या हिश्शाने फुगतो, ७ वरून ६ वर आले की सहाव्या हिश्शाने, आणि अंतर आटत जाईल तसतसा प्रत्येक टक्का अधिकाधिक महाग होतो. आजवर मी यावर एवढेच सांगत आलो की वाढीचा दर अर्थव्यवस्थेच्या महागाईसकट दीर्घकालीन वाढीपेक्षा जास्त धरू नये. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे, म्हणजे ५ टक्के वाढीत खरी वाढ जेमतेम एक टक्काच उरते, म्हणून मला तो दर संयमाचा वाटला होता. दर संयमाचाच होता. चूक अंशात होती.

पाचव्या वर्षाचे १८० लाख कसे आले ते पाहा. करोत्तर कामकाजी नफा २०० लाख, त्यात घसारा ७० लाख मिळवला, भांडवली खर्च ५० लाख आणि वाढीव खेळते भांडवल ४० लाख वजा केले. म्हणजे घसारा वगळता धंद्यात नव्याने घातलेली निव्वळ रक्कम २० लाख, नफ्याच्या अवघी १० टक्के. पाचव्या वर्षी हे खरे असू शकते, कारण यंत्रे नवी असतात, सॅण्ड प्लांट आणि इंडक्शन फर्नेस अजून बदलायला आलेली नसतात. पण मी तेच प्रमाण कायमचे गोठवले. सहाव्या वर्षी २१० लाख नफा, २१ लाख नवी गुंतवणूक, आणि तिच्या जोरावर सातव्या वर्षी नफा साडेदहा लाखांनी जास्त. नव्या भांडवलावर दरवर्षी ५० टक्के परतावा, आणि तोही अखंड. उद्यमनगरात असे कोणी बोलले तर चहा अर्धा टाकून लोक उठतील.

महागाईने कास्टिंगचे भाव वाढतात, मग वाढीला वेगळी गुंतवणूक कशाला, अशी शंका इथे येऊ शकते. पण पिग आयर्न आणि स्क्रॅप महागले की तेवढाच माल ठेवायला आणि तेवढीच उधारी द्यायला जास्त खेळते भांडवल लागते, आणि जुन्या किमतीवर काढलेल्या घसाऱ्यात नवे यंत्र येत नाही. त्यामुळे महागाईतली वाढही फुकट मिळत नाही.

म्हणून अंतिम मूल्यापुरती रोकड नव्याने काढली. नियम साधा आहे: नफ्याचा जो हिस्सा पुन्हा धंद्यात घालावा लागतो तो वाढीचा दर भागिले नव्या गुंतवणुकीवरचा परतावा एवढा असतो. वाहन उद्योगातले ग्राहक दरवर्षी भाव कमी करून मागतात आणि शेजारचा कारखाना तीच लाइन बसवतो, हे लक्षात घेता पाचव्या वर्षानंतरच्या गुंतवणुकीवर भांडवलाच्या खर्चाइतका, म्हणजे १३ टक्के परतावा धरणे मला रास्त वाटते. मग २१० लाखांपैकी सुमारे ८१ लाख परत घालावे लागतात आणि सहाव्या वर्षाची मुक्त रोकड १८९ नव्हे, १२९ लाख येते. अंतिम मूल्य २,३६२ वरून १,६१५ लाख, त्याचे आजचे मूल्य ८७७ लाख, आणि निव्वळ वर्तमान मूल्य ७५३ वरून ३४७ लाख. वाढीच्या दराला हातही न लावता उत्तर निम्म्याहून खाली आले.

आता याच मांडणीत वाढ ५ वरून ४ टक्के करून पाहा. आधी या एका टक्क्याने १५३ लाख जात होते; आता ३४७ चे ३३९ होतात, फक्त ८ लाख जातात. भांडवलाच्या खर्चाइतकाच परतावा देणारी वाढ मालकाच्या पदरात जवळजवळ काहीच टाकत नाही, त्यामुळे ती किती धरली याला फारसे महत्त्व उरत नाही. आपल्याला जी युक्ती वाटली ती वाढीच्या दरात दिसत होती खरी, पण तिचे मूळ गुंतवणुकीशिवाय वाढ धरण्यात होते. कोणाच्याही तक्त्यात वाढीचा दर एक टक्क्याने हलवल्यावर उत्तर फार उसळले, तर मी यापुढे आधी शेवटच्या वर्षाचा भांडवली खर्च आणि घसारा शेजारी ठेवून पाहीन.

एक आकडा आपल्यासाठी मुद्दाम काढला आहे, कारण त्याला ना वाढीचा दर लागतो ना शाश्वतीचे सूत्र. पहिल्या पाच वर्षांनी ४७१ लाख फेडल्यावर १,००० लाखांतले ५२९ लाख उरतात. तेवढे भरून निघण्यासाठी पाचव्या वर्षाच्या अखेरीस हा चालता कारखाना किमान ९७५ लाखांचा असायला हवा, म्हणजे त्या वेळच्या २०० लाख नफ्याच्या पाचपटीहून थोडा कमी. शेड, भट्टी, मोल्डिंग लाइन, हातातल्या ऑर्डरी आणि येणे बाकी यांसकट शिरोलीत किंवा कागलला कोणी एवढी किंमत देईल का, याचे उत्तर माझ्यापेक्षा आपण नेमके देऊ शकाल.

मूळ लेखातला ७५३ चा आकडा मी आज खोडून ३४७ केला आहे आणि जुना आकडा खाली कारणासह ठेवला आहे. हाय प्रेशर मोल्डिंग लाइन आपल्याकडे प्रत्यक्षात किती वर्षांनी बदलावी लागते आणि त्या वेळी मूळ किमतीच्या किती पट खर्च येतो, हे आपण कळवलेत तर ८१ लाखांचा आकडा परताव्याच्या गृहीतकाऐवजी त्या खर्चावरून पुन्हा काढून बघता येईल.